व्याज उतरलं की कंपनी बाँड परत घेते, ही फसवणूक नाही का?

सांगलीकर: मागच्या वर्षी एका कंपनीचा ९.६ टक्क्यांचा बाँड बाजारातून १०,६०० रुपयांना घेतला. दर्शनी किंमत १०,०००, मुदत संपायला सहा वर्षं होती. ब्रोकरने परतावा साधारण ८.३ टक्के सांगितला. आता कंपनीने कॉल केला, म्हणजे मुदतीआधीच बाँड परत घेऊन १०,००० हातात ठेवले. दर चढले असते तर परत केले असते का?

कोपऱ्यातला: नसतेच केले. त्यांना पाहिजे तेव्हा ते सोडणार आणि आपण अडकून पडायचं. सेबीने हे बंदच करायला हवं.

माजी ट्रेझरी: बंद कशाला? तुमचं गृहकर्ज दुसरीकडे स्वस्त मिळालं की तुम्हीही हलवताच. कॉलची मुभा ठेवणारी कंपनी त्यापोटी थोडं जास्त व्याज देते. सांगलीकर, हिशोब करा. ९६० व्याज आणि १०,००० मुद्दल, म्हणजे १०,६०० वर मिळाले ३६०. जेमतेम ३.४ टक्के. पहिल्या पाच वर्षांत कॉल नाही, अशी अट असणार आणि तुम्ही चार वर्षं उलटल्यावर घेतलात. कवच एकाच वर्षाचं उरलं होतं. ब्रोकरने मुदतीपर्यंतचा परतावा दाखवला. कॉलच्या तारखेपर्यंतचा विचारायला हवा होता.

मीनाताई: माझेही पैसे अडकलेत, मुलीच्या लग्नाला हवेत. मला कॉल करता येईल का?

माजी ट्रेझरी: नाही ताई, कॉल कंपनीचा. तुमच्याकडून मागायचा हक्क म्हणजे पुट, तो कागदात लिहिलेला असेल तरच. नाहीतर बाजारात विकून बघा.

कोपऱ्यातला: पण स्टेट बँकेनेही तेच केलं ना? २०११ चे ९.९५ टक्क्यांचे, १५ वर्षांचे बाँड २०२१ च्या मार्चमध्ये परत. लोकांनी ते पैसे ५.४ टक्क्यांच्या एफडीत टाकले.

माजी ट्रेझरी: हो, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच बँकेला अशाच टिअर-२, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरल्या जाणाऱ्या बाँडवर ६.८ टक्क्यांनी पैसे मिळाले होते. हजार कोटींमागे वर्षाला साडेएकतीस कोटींचा फरक, कोण सोडेल? पण एवढंच कारण नाही. मुदतीची शेवटची पाच वर्षं राहिली की टिअर-२ बाँड दरवर्षी २० टक्के भांडवलातून वजा होत जातो. व्याज पूर्ण द्यायचं आणि भांडवल म्हणून मोजायचं कमी. त्यामुळे दर फारसे उतरले नसते तरी बँकेने कॉलचा विचार केलाच असता.

कोपऱ्यातला: भांडवलाचं मान्य. पण ते 'थोडं जास्त व्याज' किती होतं? वेगळं करून कोण दाखवतं?

माजी ट्रेझरी: किरकोळ ग्राहकाला कुणीच नाही, हे खरं. म्हणून मी कॉलवाला बाँड दर्शनी किमतीच्या वर घेतच नाही.

सांगलीकर: कागद काढला. कॉलची तारीख अकराव्या पानावर आहे, सही मीच केलीय. ब्रोकरला मात्र फोन करणारच.