कारणे दाखवा नोटिशीला खुलासा: चूक मान्य करायची की नाही?

आवकटेबल: तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. ४ जूनला आलेला माहिती अधिकाराचा अर्ज मी आवक नोंदवहीत घेतला, पण साहेबांपुढे ठेवलाच नाही. १४ जुलैला अर्जदाराचं पहिलं अपील आलं तेव्हा सापडला. १६ जुलैला माहिती दिली. आता नोटीस आहे, तीन दिवसांत खुलासा हवा. जूनभर रजेवरच्या सहकाऱ्याचं आस्थापनेचं टेबलही माझ्याकडे होतं. मसुदा असा केलाय: "कामाच्या अतिताणामुळे सदर अर्ज अनवधानाने सादर होऊ शकला नाही. तरी क्षमा असावी. होणारी कारवाई मान्य राहील." चालेल का?

रोखठोक: अजिबात नको. लेखी कबुली म्हणजे आयती शिक्षा. मी एकदा प्रामाणिकपणे लिहून दिलं आणि एक वेतनवाढ गेली. "आरोप मान्य नाहीत" एवढं लिहा आणि गप्प बसा. सिद्ध त्यांना करू दे.

जुना अव्वल कारकून: रोखठोक, सिद्ध करायला काय लागणार? नोंदवहीत ४ जून तिच्याच अक्षरात आहे. जे कागदावर आहे ते नाकारलं की बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटतात.

ताई, आधी नोटिशीत नियम कुठला टाकलाय ते बघा. शिस्त व अपील नियम १९७९ मधला नियम १० असेल, तर ही नुसती विचारणा नाही. तुमचा खुलासा वाचून ठपका ठेवता येतो किंवा वेतनवाढ रोखता येते, त्यासाठी पूर्ण विभागीय चौकशी लागेलच असं नाही. म्हणून "कारवाई मान्य राहील" हे आधी खोडा. घडलेलं मान्य करायचं, शिक्षा नाही. ती ठरवणं त्यांचं काम.

मयूर_पुणे: आमच्याकडे उशिरा आल्याबद्दल अशी मेल येते. एचआरला "सॉरी, पुन्हा होणार नाही" पाठवलं की विषय संपतो. एवढं काय त्यात?

जुना अव्वल कारकून: मयूरराव, तुमची मेल उद्या कुणी उघडत नाही. हा कागद वैयक्तिक नस्तीत राहतो.

सुमेधा: मला मसुद्यात दुसरंच खटकलं. आस्थापनेचं टेबल जूनमध्ये होतं. मग १ ते १४ जुलैचं काय? मुदत ४ जुलैला संपली, म्हणजे सहकारी परत आल्यावरही चार दिवस हातात होते. नोटीस काढणारा हाच प्रश्न विचारणार.

आवकटेबल: जुलैत मागचं टपाल मी तपासलंच नाही. खरं कारण एवढंच आहे.

जुना अव्वल कारकून: मग तेच लिहा. जूनच्या आड जुलै लपवला तर सगळा खुलासा सबबीसारखा वाचला जाईल. मी असा लिहीन:

"दि. ४ जून रोजी प्राप्त अर्ज मी नोंदवला, मात्र जन माहिती अधिकारी यांच्यासमोर सादर केला नाही. ती जबाबदारी माझी होती. जून महिन्यात आस्थापना टेबलाचे कामही माझ्याकडे असल्याने मी टपाल विषयवार वेगळे केले नाही. जुलैमध्ये प्रलंबित टपाल तपासणे आवश्यक होते, ते मी केले नाही. दि. १४ जुलै रोजी अर्ज आढळताच सादर केला व दि. १६ जुलै रोजी अर्जदारास माहिती देण्यात आली. यात माहिती दडवण्याचा हेतू नव्हता. आता अशा अर्जांची स्वतंत्र नोंदवही ठेवली असून ती दर सोमवारी सादर करते."

शेवटचं वाक्य नोंदवही खरंच सुरू केली असेल तरच. सोबत आवक नोंदवहीच्या पानाची प्रत जोडा. आस्थापनेच्या कामाचा आदेश तोंडी असेल, तर त्या टेबलावर तुम्ही सही केलेल्या जूनमधल्या टिपण्यांच्या प्रती लावा. आणि मुदत उलटल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यायची असते. शुल्क घेतलं असेल तर आजच साहेबांच्या कानावर घाला, नाहीतर दुसरी नोटीस येईल.

रोखठोक: छान. आणि अर्जदार आयोगात गेला की? दिवसाला २५० रुपये दंड, बारा दिवसांचे ३,०००. साहेब हाच कागद पुढे करून म्हणतील, बघा, तिनेच कबूल केलंय.

सुमेधा: दंड जन माहिती अधिकाऱ्यावर बसतो.

रोखठोक: ज्याची मदत मागितली तोही कलम ५ प्रमाणे जबाबदार धरला जातो. वाचून बघा.

जुना अव्वल कारकून: मदत मागितली असेल तर. इथे साहेबांपर्यंत अर्जच गेला नव्हता, मग मागितली कुठे? पण आयोग काय म्हणेल ते मी छातीठोक सांगणार नाही. भीती अगदीच खोटी नाही.

आवकटेबल: "कारवाई मान्य" खोडलं, जुलैचं वाक्य घातलं. शुल्क घेतलेलं नाही. "अतिताण" ठेवू का?

सुमेधा: काढ. दोन टेबलं होती हे लिहिलंस ना, ताण त्यांना समजतो.

रोखठोक: माझं मत तेच आहे. निदान पोच घे आणि सहीशिक्क्याची प्रत घरी ठेव.