प्रतिसाद : सावली उन्हाळ्याची, बर्फ हिवाळ्याचा

> झुडपांची सावली पडते, मग खालची गोठलेली जमीन थंडच राहायला हवी ना?

उन्हाळ्यापुरते हे खरे आहे. ईशान्य सायबेरियाच्या टुंड्रातील कितालिक येथे 2007 मध्ये काही लहान वर्तुळाकार तुकड्यांवरील बुटक्या बर्चची झुडपे कापली, तेव्हा तिथली जमीन उन्हाळ्यात अधिक खोलवर वितळली. पुढे काही वर्षांतच ती खचली, खळग्यांत पाणी साचले आणि तिथून मिथेन बाहेर पडू लागला.

हिवाळ्यात मात्र उलट घडते. अलास्काच्या उत्तर उतारावर वाऱ्याने उडणारा बर्फ झुडपांच्या फांद्यांत अडकून जाड, भुसभुशीत थर बनतो आणि जमिनीतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शून्याखाली काही अंश तापमानातही मातीत थोडे न गोठलेले पाणी उरत असल्याने सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्य कुजवत राहतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तसेच मोकळा झालेला नायट्रोजन झुडपांच्याच वाढीला मिळतो. वसंतात बर्फाबाहेर डोकावणाऱ्या गडद फांद्या ऊन शोषतात, ते वेगळेच.

म्हणून झुडपे जमीन थंड राखतात हा कितालिकचा निष्कर्ष सगळ्या टुंड्राला लावणे मला धोक्याचे वाटते: चहूबाजूंनी झुडपे असलेल्या लहान तुकड्यात बर्फ साचण्यातील फरक पुरता दिसणे कठीण असते.