प्रति: नव्या माणसासाठी आयटीला विनंती

> सोमवारी जळगाव ऑफिसला अकाउंट्समध्ये नवी मुलगी रुजू होतेय. आयटीला ‘लॅपटॉप आणि सगळे अ‍ॅक्सेस द्या’ एवढं लिहिलं तर चालेल ना?

नाही भाऊ. ‘सगळे’ लिहिलं की बहुतेकदा जुन्या माणसाचे हक्क जसेच्या तसे कॉपी होतात. मग बिल टाकणारी आणि पेमेंट मंजूर करणारी एकच व्यक्ती होऊन बसते. ऑडिटर तेच धरतो. म्हणून कामच लिहा: टॅलीत खरेदीची व्हाउचर टाकणार, मंजुरी नाही, रिपोर्ट फक्त बघायला. आयटी पुण्यात असेल तर लॅपटॉप आजच कुरिअरला द्यायला सांगा. आणि पहिला पासवर्ड तिच्या नव्या मेलवर मागवू नका, तो मेल उघडायलाच पासवर्ड लागतो! मॅनेजरमार्फत द्या, पहिल्या लॉगिनला ती बदलेल.