मदत हवी आहे: तिमाही रिपोर्टच्या कव्हरिंग लेटरमध्ये डेटातली त्रुटी कशी आणि कुठे लिहावी?

निशिगंधा
रिपोर्ट उद्या दुपारी वर जायचा आहे आणि मी कव्हरिंग लेटरवर अडकले आहे. ऑपरेशन्सचा तिमाही रिपोर्ट ३८ पानांचा झालाय. वरची मंडळी तो उघडतीलच असं नाही, पत्र मात्र नक्की वाचतात. तीन निष्कर्ष आणि डेटाची एक मर्यादा एका पानात बसव, असं साहेबांनी सांगितलंय. मर्यादेचा परिच्छेद मी चार वेळा लिहून खोडला. साहेब म्हणतात, शेवटी एक ओळ टाक आणि मोकळी हो. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. आत्ताचा मसुदा असा आहे:

"महोदय, सरलेल्या तिमाहीचा ऑपरेशन्स अहवाल सोबत जोडला आहे. वेळेत रवानगीचं प्रमाण ९४ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर आलं. ओव्हरटाइमचे तास ३२ टक्क्यांनी वाढले. चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी १.८ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आल्या. तांत्रिक कारणामुळे काही दिवसांचा डेटा अपूर्ण आहे, याची नोंद घ्यावी."

कृपया लवकर सांगा.

पहिलीपायरी
कव्हर लेटरमध्ये आधी आपलं शिक्षण आणि त्या कंपनीत का यायचंय ते लिहा. एका पानाच्या वर जाऊ नका. मला याच पद्धतीने दोन ठिकाणी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

निशिगंधा
नोकरीच्या अर्जाचं पत्र नाही हो. रिपोर्टसोबत जाणारं पत्र आहे.

तराजू
'काही दिवस' म्हणजे किती दिवस? कुठल्या गोदामाचे? आणि 'अपूर्ण' म्हणजे नेमकं काय, ओळी गायब आहेत की ओळी आहेत पण त्यातला एखादा रकाना चुकीचा आहे? हे कळल्याशिवाय परिच्छेद कुठे ठेवायचा ते सांगता येणार नाही. तुमचे साहेब आज हेच तीन प्रश्न विचारत नसतील, पण बैठकीत कोणीतरी विचारणारच.

निशिगंधा
तीन गोदामं आहेत. दुसऱ्या गोदामात हातातले स्कॅनर १८ दिवस बंद होते. माणसं कागदावर टिपून ठेवायची आणि रात्री एंट्री व्हायची. ओळी सगळ्या आहेत, एकही ऑर्डर हरवलेली नाही. फक्त माल निघाल्याची वेळ नीट नाही. म्हणून अपूर्ण लिहिलं.

पाणवठा
आमच्याकडेही असंच झालं होतं. त्रुटी परिशिष्टात, शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात टाकली होती. पुढच्या तिमाहीत आकडा अचानक खाली आला, कारण तो मुळात तेवढाच होता. सहा आठवडे सगळे "कामगिरी का घसरली" याचा शोध घेत बसले. घसरली नव्हतीच, आधीचा आकडा फुगलेला होता. त्यानंतर आमच्या विभागाचा कुठलाही आकडा कोणी सरळ मान्य करत नसे. ते अजूनही सलतं. शेवटच्या ओळीत टाकू नका.

सरळरेघ
यात अवघड काय आहे? त्या १८ दिवसांच्या ऑर्डरी फिल्टर लावून बाजूला काढा, उरलेल्यांचं प्रमाण काढा आणि तोच आकडा द्या. खराब डेटा वापरायचाच नाही. मग मर्यादेचा परिच्छेदही लागत नाही.

तराजू
सरळरेघ, बाजूला काढणं ही पहिली पायरी बरोबर आहे, पण तिथे थांबलात तर दुसरी चूक होते. त्याकडे येतो.
निशिगंधा, त्याआधी एक गोष्ट बघा. रात्री एंट्री करताना वेळेचा रकाना रिकामा सोडला तर सिस्टिम तिथे काय भरते? त्या १८ दिवसांतल्या पंधरा-वीस ओळी उघडा आणि 'कबूल केलेली वेळ' आणि 'निघाल्याची वेळ' हे दोन रकाने शेजारी ठेवा.

निशिगंधा
बघितलं. हात गार पडले. दोन्ही रकाने मिनिटापर्यंत सारखे आहेत. १४:३०, १४:३०. १६:१५, १६:१५. खाली सरकत गेले, सगळीकडे तेच. एरवीच्या दिवशी ७ मिनिटं आधी, २२ मिनिटं उशिरा असं काहीतरी असतंच. या १८ दिवसांत वेळेत रवानगी चक्क १०० टक्के आहे.

तराजू
म्हणजे डेटा अपूर्ण नाही, एका बाजूला झुकलेला आहे. रकाना रिकामा राहिला की सिस्टिम कबूल केलेलीच वेळ भरते, म्हणून उशिरा गेलेली ऑर्डरही वेळेत दिसते. पत्रात हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. 'अपूर्ण' वाचून माणूस समजतो की खरा आकडा थोडा इकडे किंवा तिकडे असेल. तुमच्या बाबतीत तो फक्त खालीच असू शकतो.
ऑर्डरींचे आकडे द्या: एकूण किती, दुसऱ्या गोदामाच्या किती, त्या १८ दिवसांच्या किती, आणि वेळेत किती गेल्या.

निशिगंधा
तिमाहीत ४८,०००. त्यातल्या ४३,६८० वेळेत, म्हणून ९१ टक्के. दुसऱ्या गोदामाच्या १८,०००, त्यातल्या ६,००० या १८ दिवसांतल्या. सरळरेघ म्हणतात तसं त्या काढल्या तर ४२,००० पैकी ३७,६८० वेळेत, म्हणजे ८९.७.

सरळरेघ
झालं की मग. ८९.७ द्या. स्वच्छ आकडा आहे.

तराजू
स्वच्छ आहे, पण संपूर्ण कामाचा नाही. बाकीच्या दोन गोदामांच्या ३०,००० पैकी वेळेत किती गेल्या?

निशिगंधा
२७,६००. म्हणजे ९२ टक्के. दुसऱ्या गोदामाच्या ज्या १२,००० ऑर्डरींची वेळ नीट आहे त्यातल्या १०,०८०, म्हणजे ८४.

तराजू
इथेच मेख आहे. काढलेल्या सगळ्या ऑर्डरी सगळ्यात कमकुवत गोदामाच्या आहेत. त्या काढल्या की चांगल्या गोदामांचं वजन आपोआप वाढतं आणि सरासरी वर सरकते. त्या ६,००० ऑर्डरी त्याच गोदामाच्या इतर दिवसांसारख्या, म्हणजे ८४ टक्क्यांनी गेल्या असं धरा. ५,०४० वेळेत होतात. ३७,६८० मध्ये मिळवा: ४२,७२०. भागिले ४८,००० केलं की ८९ टक्के येतात. सिस्टिमचे ९१, नुसतं वगळून ८९.७, गोदाम लक्षात घेऊन ८९. पत्रात मी ८९ लिहीन आणि ९१ कुठून येतात तेही सांगेन, कारण ९१ त्यांना डॅशबोर्डवर दिसणारच आहेत.

सरळरेघ
पण ८४ हे तुम्ही मानलेलं आहे, मोजलेलं नाही. मोजलेला आकडा सोडून अंदाज वर पाठवायचा? माझ्या वरिष्ठांना हे कधीच चाललं नसतं.

तराजू
मुद्दा रास्त आहे, म्हणून 'अंदाज' हा शब्द पत्रात स्पष्ट यायला हवा. पण नुसतं वगळण्यातही एक मानणं लपलेलं असतं: त्या ६,००० ऑर्डरी तिन्ही गोदामांच्या सरासरीसारख्या वागल्या असं. ते जास्त चुकीचं आहे.

चाळणी
मी ८४ सुद्धा जास्तच धरीन. हिशोब करा. १८ दिवसांत ६,००० म्हणजे रोज साधारण ३३३. तिमाहीत कामाचे दिवस किती होते? ७८ धरले तर उरलेल्या ६० दिवसांत १२,०००, म्हणजे रोज २००. स्कॅनर बंद पडले तेच दिवस सगळ्यात गर्दीचे होते. कागदावर काम आणि दीडपटीहून जास्त ऑर्डरी, तरी नेहमीइतक्याच वेळेत?

निशिगंधा
दिवस ७८च आहेत. आणि ओव्हरटाइमही मुख्यतः त्याच दिवसांत आणि त्याच गोदामात वाढला आहे. २,१५० तासांवरून २,८४० झाले, म्हणजे ६९० तास जास्त. त्यातले ४१० तिथले आहेत. हजेरीचं यंत्र वेगळं आहे, ते बंद नव्हतं.

चाळणी
मग हे दोन निष्कर्ष एकमेकांपासून तोडून लिहू नका. पहिला आकडा जिथे लपतोय तिथे दुसरा त्याची साक्ष देतोय.

पाणवठा
जरा थांबा. रात्री बसून एंट्री करणाऱ्यांचा ओव्हरटाइमही त्या ४१० मध्ये असेल. तो रवानगीच्या उशिराचा पुरावा होत नाही.

निशिगंधा
हे लक्षातच आलं नव्हतं. हजेरीत विभाग वेगळे दिसतात, पण ती फाइल आता माझ्याकडे नाही. सकाळी मागवते.

बैठकवाला
तुम्ही सगळे आकड्यांत रमलात. वरिष्ठांना एक तक्ता लागतो, लाल-पिवळा-हिरवा. पत्र कोण वाचतं? मी तर पत्र बंद करून एका पानाचा तक्ताच पाठवतो.

तराजू
तक्त्यात ९१ ला कुठला रंग देणार, हाच तर इथला प्रश्न आहे.
निशिगंधा, पहिला परिच्छेद असा लिहून बघा. मर्यादेला वेगळी जागा नको. ती ज्या निष्कर्षाला लागू आहे त्याच्याच पोटात ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला तीनही आकड्यांवर शंका येते.

"वेळेत रवानगीचं प्रमाण गेल्या तिमाहीच्या ९४ टक्क्यांवरून अंदाजे ८९ टक्क्यांवर घसरलं आहे. सिस्टिममध्ये हा आकडा ९१ दिसतो, तो वास्तवापेक्षा जास्त आहे. गोदाम २ मध्ये १८ दिवस स्कॅनर बंद असल्याने ४८,००० पैकी ६,००० ऑर्डरींना प्रत्यक्ष वेळेऐवजी कबूल केलेलीच वेळ लागली आणि त्या सर्व वेळेत गेल्याचं दिसतं. त्या ऑर्डरी त्या गोदामाच्या इतर दिवसांसारख्या गेल्या असं धरून ८९ टक्के काढले आहेत. ते दिवस गर्दीचे असल्याने प्रत्यक्ष प्रमाण याहून कमी असू शकतं."

चाळणी
मस्त. फक्त स्कॅनर कोणत्या तारखेपासून पूर्ववत झाले ते घाला. नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. आणि तक्रारींचं काय? १.२ टक्के हे तक्रार आल्याच्या तारखेने मोजले की ऑर्डरच्या तारखेने?

निशिगंधा
ऑर्डरच्या तारखेने. का?

चाळणी
कारण तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात गेलेल्या मालाच्या तक्रारी अजून यायच्या असतील. ग्राहकाला तक्रारीसाठी किती दिवस देता त्यावर ते अवलंबून आहे. १.८ हा जुना, भरून आलेला आकडा आणि १.२ हा अर्धवट, अशी तुलना होत असेल तर सुधारणा दिसते तेवढी नसेल.

निशिगंधा
१५ दिवस देतो. रिपोर्टसाठी डेटा तिमाही संपल्यावर ९ दिवसांनी काढला होता. म्हणजे शेवटच्या काही दिवसांच्या तक्रारी राहिल्या असतील. देवा. मर्यादा एकच लिहायची होती.

तराजू
ही लहान आहे, घाबरू नका. उद्या सकाळी डेटा पुन्हा काढा. १५ दिवस होऊन गेले असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर तिसऱ्या निष्कर्षाच्या ओळीत डेटा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते लिहा, तेवढं पुरे.

निशिगंधा
उद्या १४ वा दिवस आहे. सकाळी काढते आणि तारीख लिहिते.
साहेबांना फोनवर सांगितलं. दोन्ही रकाने सारखे असल्याचं ऐकून थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरच्या ओळीत ९१च ठेव, खुलासा खाली देऊ." मी त्यांना तराजूंचा परिच्छेद आणि दहा ओळींचा फोटो पाठवलाय. अजून उत्तर नाही.

सरळरेघ
पत्रावर सही कोणाची आहे?

निशिगंधा
साहेबांची. तयार करणारी म्हणून खाली माझं नाव.

पाणवठा
मग ते दोन रकाने परिशिष्टात जसेच्या तसे जोडा, मूळ ओळींसकट. पहिल्या ओळीत काहीही गेलं तरी कागद तुमच्या बाजूने राहील.

तराजू
जोडाच. पण ८९ वरच राहावेत म्हणून सकाळी एकदा समोर बसून बोला. फोनवर सांगण्यापेक्षा १४:३०, १४:३० त्यांच्या डोळ्यांनी दिसू द्या.