मदत हवी आहे: शहराचा फोटो खेळण्यातल्या गावासारखा करतोय, पण टॉवरचा शेंडाच विरघळतो

कौलारू:
एका उंच गच्चीवरून खाली बघत काढलेला चौकाचा फोटो आहे, 6000 × 4000 पिक्सेलचा. टेबलावर मांडलेल्या इवल्याशा गावाचा फोटो वाटावा असं त्याचं करायचंय. गिंपमध्ये लेयरची प्रत काढली, तिला `Gaussian Blur` 40 दिला, मास्क लावला आणि `Bi-linear` ग्रेडियंटने मधला आडवा पट्टा काळा केला. वरून मोजलं तर 2400 ते 2800 या ओळी स्वच्छ आहेत, तिथून वर आणि खाली ब्लर वाढत जातो. शेवटी सॅच्युरेशन 60 ने वाढवलं.

गाड्या अगदी खेळण्यातल्या दिसायला लागल्या, ते बघून फार आनंद झाला. पण पट्ट्यात साधारण वीस मजली टॉवर उभा आहे. त्याचा पाया 2600 व्या ओळीवर आणि शेंडा 900 वर. तळमजल्यावरच्या पाट्या वाचता येतात, वर जाल तसे मजले धूसर होत जातात आणि गच्ची तर पार विरघळलीय. नजर तिथेच अडकते.

दुसरं म्हणजे, ब्लर जिथे सुरू होतो तिथल्या खिडक्यांचे गज अजून धारदार आहेत, फक्त वर धुकं पसरल्यासारखं वाटतं. हे दोन्ही कसं सुधारायचं?

उंबरठा:
उंच इमारती वर निमुळत्या होतात त्याबद्दल म्हणताय ना? पर्स्पेक्टिव्हच्या टूलने वरचे दोन कोपरे बाहेर ओढा, उभ्या रेषा सरळ होतील. शिफ्ट लेन्सही हेच काम करते.

कौलारू:
नाही हो, रेषा ठीक आहेत. प्रश्न धूसरपणाचा आहे. एकच इमारत, खाली स्वच्छ आणि वर गायब.

दुर्बीण:
मी खरी टिल्ट लेन्स वापरलेली आहे. तिच्यातही उंच इमारतीचे शेंडे धूसरच येतात. त्यामुळे तुमचं काहीच चुकलेलं नाही, ठेवा तसंच. फार खटकत असेल तर 40 चं 15 करा.

सावलीकाठ:
दुर्बीण, लेन्सबद्दल तुमचं बरोबर आहे. पण कौलारूंना टिल्ट लेन्सची नक्कल करायची नाहीये, छोट्या मॉडेलच्या जवळून काढलेल्या फोटोची करायचीय. तिथे धूसरपणा अंतरावर ठरतो, चित्रातल्या उंचीवर नाही. आणि ब्लर 15 केला तर शेंडा सुधारेल, पण मागचं शहर पुन्हा खरं वाटायला लागेल.

आता टॉवरचं बघू. 900 व्या ओळीवर मास्क पूर्ण पांढरा आहे, म्हणजे शेंड्याला खूप मागच्या वस्तूंइतका ब्लर मिळतोय. प्रत्यक्षात आपण वरून खाली बघत असल्यामुळे शेंडा पायापेक्षा *जवळ* आहे. त्याला मागच्या नाही, टॉवरच्या पुढच्या जमिनीइतका ब्लर हवा. किती पुढच्या, ते कॅमेरा किती खाली झुकलाय त्यावर आहे. 45 अंश असेल तर टॉवरच्या उंचीइतकं पुढे यायचं, 30 अंशाला उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त, 15 अंशाला साधारण पाव.

झुकाव कळायला फोटोच्या मधोमध एखादी आडवी गोल गोष्ट शोधा, चौकातलं वर्तुळ किंवा पाण्याच्या टाकीचं झाकण. ती चपटी दिसते. तिची दिसणारी उंची रुंदीच्या निम्मी असेल तर झुकाव 30 अंश.

कौलारू:
चौकातलं वर्तुळ मोजलं. रुंदी 610, उंची 300. म्हणजे 30 अंशच!

सावलीकाठ:
मग टॉवरच्या पायापासून जमिनीवर अकरा-बारा मजल्यांइतकं पुढे या. तुमच्या फोटोत ते 3200 व्या ओळीच्या आसपास पडेल. खालचा उतार 2800 ला सुरू होऊन 4000 ला संपतो, म्हणजे 3200 वर मास्क एक तृतीयांश पांढरा. तोच करडा रंग शेंड्याला द्या. टॉवरचं सिलेक्शन करा आणि त्याच्या आत मास्कवर पायाशी काळा, शेंड्याला तेवढा करडा असा साधा सरळ ग्रेडियंट ओढा. शेंडा किंचित मऊ होईल, पण टॉवर एकसंध राहील.

गजांवरच्या धुक्याचं कारण वेगळं आहे. मास्क 50 टक्के असतो तिथे निम्मं स्वच्छ चित्र आणि निम्मं ब्लर केलेलं चित्र एकावर एक पडतं. धारदार रेष फिकट होते, पसरत मात्र नाही. त्यामुळे ब्लरची त्रिज्याच जागोजागी बदलली पाहिजे. तुमचा मास्क वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करा आणि इमेजमॅजिकला द्या:

```
magick chowk.png map.png -compose Blur -define compose:args=20 -composite out.png
```

`chowk.png` म्हणजे मूळ फोटो, `map.png` म्हणजे मास्क. दोन्हींचं माप एकच हवं. काळं तिथे ब्लर शून्य, पांढरं तिथे पूर्ण. 20 हा आकडा गिंपच्या 40 शी जुळेलच असं नाही, डोळ्यांनी ठरवा. मोठ्या फोटोला वेळ लागतो, म्हणून आधी छोट्या प्रतीवर करून बघा आणि आकडाही त्याच प्रमाणात लहान घ्या.

पायवाट:
मी फुटपाथवर उभी राहून गल्लीचा फोटो काढलाय. त्यालाही असाच पट्टा दिला, रंगही वाढवले, पण नुसता खराब फोकसचा फोटो दिसतो. माझं काय चुकतंय?

सावलीकाठ:
ब्लरमध्ये काही चुकत नाहीये, जागा चुकलीय. मॉडेलकडे माणूस वरून बघतो. गल्लीत भिंती चौकटीच्या तळापासून वरपर्यंत जातात, त्यांना आडवा पट्टा कधीच पटत नाही. निदान तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून काढा, आणि आकाश येणार नाही असा.

कौलारू:
गज आता सुरेख विरतात, शेंडाही उभा राहिला. पण टॉवरभोवती त्याच्याच पिवळसर रंगाची झिलई उमटलीय, पन्नासेक पिक्सेल रुंद. शिवाय दुकानांचे लाल पडदे सपाट झालेत, त्यांच्या चुण्या दिसतच नाहीत.

सावलीकाठ:
झिलई येणारच. मागचं शहर ब्लर होताना शेजारच्या टॉवरचे पिक्सेलही त्यात मिसळतात. आधी टॉवर वेगळ्या लेयरवर कापून घ्या. मग मूळ प्रतीत त्याच्या जागी आजूबाजूची छपरं क्लोन करून भरा, ढोबळ चालेल, कारण ते ब्लरच होणार आहे. ती प्रत टॉवर नसलेल्या मास्कने ब्लर करा. टॉवरला त्याचा स्वतःचा ब्लर देऊन वर ठेवा.

पडद्यांचा लाल चॅनल 255 ला जाऊन थडकलाय, म्हणून चुण्या पुसल्या गेल्या. सॅच्युरेशन 30 वर आणा आणि हिस्टोग्राममध्ये लालची उजवी कड बघत राहा. रंग फिका वाटला तर कर्व्हने मधले टोन थोडे उचला. रंगवलेल्या खेळण्याची चमक त्यातून जास्त येते.

दुर्बीण:
अंतराचा हिशोब पटला. तरी शेंडा पुरता धूसर असलेला मला जास्त आवडतो, नजर खाली चौकात उतरते.

कौलारू:
क्लोन करून भरलं, झिलई गेली. लाल पडद्यांच्या चुण्याही परत आल्या. आता एकच अडलंय: टॉवरच्या डाव्या कडेवर समोरच्या झाडाची पानं आलीत. सिलेक्शन करताना एक तर पानं कापली जातात, नाहीतर पानांमधून मागचं स्वच्छ शहर डोकावतं. पानांची कड कुणी हाताने रंगवून काढली आहे का? ब्रश किती मऊ ठेवला होता?