लग्नाच्या रजेचा अर्ज: "21 पर्यंत" म्हणजे नक्की कधीपर्यंत?

नवरदेव_हिंजवडी: माझं लग्न 10 डिसेंबरला आहे, गुरुवारी. अर्जात लिहिलं होतं, "लग्नानिमित्त 7 ते 21 डिसेंबर पंधरा दिवस रजा मिळावी." एचआरने परत पाठवला, दिवस नीट लिहा आणि कधी येणार ते लिहा म्हणून. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि हनिमूनचं लिहायचं का? होणारी बायको तहसील कार्यालयात आहे, तिलाही याच तारखा टाकायच्यात.

जुनी_कारकून: आस्थापना शाखेत आयुष्य गेलं, म्हणून सांगते, एचआरचं बरोबर आहे. 21 ला तुम्ही रजेवर आहात की खुर्चीवर? तुमच्या मनात "21 ला हजर" असणार, पण "7 ते 21" वाचणारा 21 रजेतच धरणार. तुमचा साहेब 21 ला सकाळी तुमची वाट बघेल आणि हजेरीवाला रजा मांडून मोकळा होईल. म्हणून दोन तारखा वेगळ्या लिहायच्या, रजेचा शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस, दोन्हींपुढे वार. वार लिहिला की चूक लगेच दिसते.

आता दिवस. सोमवार 7 ते शुक्रवार 18 रजा घेतलीत आणि सोमवारी 21 ला आलात, तर कॅलेंडरवर 12 दिवस. मधला शनिवार-रविवार, म्हणजे 12 आणि 13 तारीख, वगळली तर कामाचे 10. आधीचे 5-6 आणि नंतरचे 19-20 धरले तर तुम्ही ऑफिसबाहेर 16 दिवस. एकाच रजेचे तीन आकडे झाले, आणि तुमचे पंधरा यातले कुठलेच नाहीत.

कोल्हापुरी_पाटील: काय राव, एवढा हिशोब कशाला? लग्नाची रजा कायद्यानंच पंधरा दिवस असते. हक्काची आहे, ठणकावून मागायची.

पगारपत्रक_दादा: पाटील, अर्धं खरं. काही कंपन्या लग्नाची वेगळी रजा देतात, पण ती त्यांची पॉलिसी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लग्नाच्या रजेचं नावही नाही. त्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात 240 दिवस काम झालं की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा, साठवायची मर्यादा 45. म्हणजे लग्न या शिल्लक रजेतूनच करायचं. नवरदेवाने आधी पोर्टलवर शिल्लक बघावी, मग सँडविच पॉलिसी विचारावी. सँडविच असेल तर मधला शनिवार-रविवार रजेत कापला जातो आणि 10 चे 12 होतात. शिल्लक 11 असेल तर एक दिवस बिनपगारी, आणि ते पगार आल्यावर कळतं!

नवरदेव_हिंजवडी: सँडविच नाही, आत्ताच विचारलं. म्हणजे माझे 10. मग तिचेही 10 ना?

जुनी_कारकून: नाही. सरकारी नोकरीत वेगळी लग्नरजा नाही, अर्जित रजा घ्यावी लागते, आणि अर्जित रजेत मधल्या सुट्ट्या मोजल्याच जातात. तिचे 12. मात्र 5-6 आणि 19-20 या सुट्ट्या आधी आणि नंतर जोडून घेण्याची परवानगी अर्जातच मागावी, त्या रजेत मोजत नाहीत. मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि रजेतला पत्ताही लिहावा. माझ्याकडे एका मुलीचा अर्ज आला होता. नंतरच्या सुट्ट्यांचा उल्लेख नाही, मुख्यालयाचा नाही. तीन सह्यांसाठी कागद तीनदा खाली आला. हळदीच्या आदल्या दिवशी बिचारी माझ्या टेबलापाशी उभी.

कोल्हापुरी_पाटील: मग चार किरकोळ आणि आठ अर्जित टाका की. तेवढी अर्जित वाचली.

जुनी_कारकून: नाही चालत हो. किरकोळ रजेला दुसरी रजा जोडता येत नाही.

मेव्हण्याचं_लग्न: माझ्या मेव्हण्याचं लग्न पण डिसेंबरातच आहे, नाशिकला. मला साहेबांनी दोनच दिवस दिले. पाच मिळायला हवेत ना?

पगारपत्रक_दादा: दादा, इथे स्वतःच्या लग्नाचं चाललंय. मेव्हण्याला दोन पुष्कळ झाले.

शांत_सुलभा: हनिमूनबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत, लिहू नये. "विवाहानिमित्त" एवढं पुरे. कुठे जाताय हे ऑफिसला कशाला? आमच्याकडे एकाने "मधुचंद्र" लिहिलं होतं, वर्षभर चेष्टा झाली.

टीमलीड_नाशिककर: मी उलट म्हणेन. दहा जणांच्या टीममधला माणूस दोन आठवडे नसणार, तर मला कळायला हवं की यातले लग्नाचे दिवस कुठले आणि प्रवासाचे कुठले. लग्न हलत नाही, प्रवास एखाददिवस हलू शकतो. हनिमून शब्द नको असेल तर "विवाह व त्यानंतरचा प्रवास" लिहा. पण लपवून शेवटच्या दिवशी "अजून दोन दिवस द्या" म्हणणाऱ्याला मी पुढच्या वेळी लगेच सही देत नाही.

शांत_सुलभा: तुमच्यासारखा साहेब असेल तर ठीक. आमचे "प्रवास" वाचून म्हणाले होते, मग फोनवर उपलब्ध राहाल ना? देवळातूनही मी एक्सेल पाठवलंय.

टीमलीड_नाशिककर: म्हणूनच काम कोणाकडे सोपवलंय त्याचं नाव लिहायचं. ते लिहिलं असतं तर फोन तिकडे गेला असता.

शांत_सुलभा: लिहिलं होतं. तरीही मलाच आला.

नवरदेव_हिंजवडी: बरं, नवीन मसुदा. गुरुवारी लग्न, शुक्रवारी सत्यनारायण, शनिवारी जेजुरी. सोमवारी 14 ला मुन्नारला निघायचं, परतीचं विमान रविवारी 20 ला रात्री.

"माझा विवाह गुरुवार, 10 डिसेंबर रोजी आहे. विवाह व त्यानंतरच्या प्रवासासाठी सोमवार, 7 डिसेंबर ते शुक्रवार, 18 डिसेंबर (दोन्ही दिवस धरून) कामाचे एकूण 10 दिवस रजा मंजूर व्हावी. 12 व 13 डिसेंबर साप्ताहिक सुट्टी आहे. मी सोमवार, 21 डिसेंबर रोजी कामावर रुजू होईन. या काळात माझे काम माझे सहकारी पाहतील."

टीमलीड_नाशिककर: अर्ज चांगला, पण "माझे सहकारी" म्हणजे कोण? नाव टाका, आणि त्या माणसाला आधी विचारा. विमानाचं मात्र जमणार नाही. रविवारी रात्री उशिरा पुण्यात उतरून सोमवारी सकाळी हजर? धुक्याने उशीर झाला की "21 ला रुजू" हे वाक्यच खोटं पडतं. शनिवारी 19 ला परत या.

पगारपत्रक_दादा: किंवा 21 सुद्धा रजेत धरा, मंगळवारी 22 ला रुजू व्हा, कामाचे दिवस 11. लवकर आलात तर एक दिवस रद्द करून घेता येतो. वाढवून मागणं अवघड, आणि मागायचंच झालं तर रजा संपण्याआधी लेखी मेल. आमच्याकडे नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर "दोन दिवस उशीर" सांगणाऱ्याचे दोन्ही दिवस बिनपगारी गेले.

जुनी_कारकून: दादा, 22 केलंत तर तिच्याही अर्जात 22 करावं लागेल. मग 19-20 तिच्यासाठी मधल्या सुट्ट्या झाल्या, म्हणजे थेट 15 दिवस अर्जित. एका दिवसासाठी तीन गेले. ती रागावेल.

नवरदेव_हिंजवडी: विचारलं तिला. म्हणाली, शनिवारचं तिकीट बघ. शनिवारचं तीन हजारांनी महाग आहे, दोघांचे सहा.

कोल्हापुरी_पाटील: रेल्वेनं या की राव.