मशीनमधून काढलेल्या सुती साडीची खळ टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही रत्नागिरीत राहतो. सुती साड्या मशीनमध्येच धुते. मग दोन चमचे साबुदाण्याचं पीठ पाण्यात पारदर्शक होईस्तोवर शिजवते, गाळून अर्ध्या बादलीत मिसळते आणि ओली साडी त्यात बुचकळते. (आधी कोरडीच बुडवायचे, तर पांढरे डाग पडले.)

खळ घातल्यावर पुन्हा स्पिन केलं की साडी लुळी पडते, बहुतेक खळ पाण्याबरोबरच निघून जाते. न पिळता वाळत घातली तर कडक होते, पण आमच्या दमट हवेत दोन दिवसांत मऊ, वर कुबट वास. सासूबाई म्हणतात, "पेजेचं पाणी घाल गो!"

तुम्ही खळीनंतर स्पिन करता का? आणि पावसाळ्यात साड्या खळीसकट ठेवता, की खळ धुऊन?